स्लॅब भरला, बिल गेलं, पैसे अडकले: घरबांधणीच्या हप्त्यांचं टिपण कुठे चुकतं

लक्षण नेहमीचं आहे. सकाळपासून काँक्रीट चाललेलं, संध्याकाळी स्लॅब भरून झाला, त्याच रात्री कंत्राटदाराने बिल पाठवलं आणि मालकाचं उत्तर आलं, "अहो, अजून स्लॅब कुठे झालाय?" मग आठवडा जातो, पंधरवडा जातो. स्टीलवाला फोन करतो, सेंट्रिंगवाला दारात येतो, माणसं दुसऱ्या साइटवर जातात. कसेबसे पैसे सुटतात आणि पुढच्या हप्त्याला पुन्हा तेच.

अशा वेळी मालक चिकट ठरतो किंवा कंत्राटदार लबाड. बहुतेक वेळा दोघेही आपापल्या जागी खरे असतात. करारामागे जोडलेला हप्त्यांचा कागद मात्र "जोतं १५ टक्के, पहिला स्लॅब २० टक्के, प्लास्टर २० टक्के" एवढाच असतो. कामाच्या कोणत्या भागाचे पैसे ते त्यात आहे. तो भाग नक्की कोणत्या क्षणी पुरा झाला म्हणायचा, ते कुणी पाहायचं आणि त्यानंतर किती दिवसांत पैसे द्यायचे, हे कुठेच नाही. दुरुस्ती या कागदाची करायची.

खाली एकच प्रकारचं काम घेतलं आहे: गोव्यात तळमजला अधिक पहिला मजला असं स्वतंत्र घर, आरसीसी सांगाडा, चिऱ्याच्या भिंती, साहित्यासह एकरकमी कंत्राट. हिशेब कळावा म्हणून आकडे धरू. घर फोंडा तालुक्यात, कंत्राट ₹६०,००,००० अधिक जीएसटी, काम १५ ऑक्टोबरला सुरू आणि पुढल्या वर्षी २० डिसेंबरला ताबा. म्हणजे एक अख्खा पावसाळा कामाच्या मधोमध. बिल्डरकडून फ्लॅट घेतलात तर हप्त्यांचे नियम वेगळे, ते इथे नाहीत.

आधी निदान

बिल अडकलं की वाद घालण्याआधी मालक, कंत्राटदार आणि साइट इंजिनियर यांना वेगवेगळं गाठून एकच विचारा: "हा हप्ता देय व्हायला काय व्हायला हवं?" तिघांची उत्तरं एक आली तर अडचण पैशांची आहे, कागदाची नाही, मग मालकाशी तारखांचंच बोलणं करावं लागेल. उत्तरं वेगळी आली तर टिपणात खोट आहे आणि ती आत्ताच दुरुस्त केली नाही तर उरलेल्या प्रत्येक हप्त्याला हाच खेळ होणार.

स्लॅबच्या एका हप्त्याच्या तीन तारखा

आपल्या उदाहरणात तळमजल्यावरचा स्लॅब १० फेब्रुवारीला भरला. हप्ता २० टक्के, म्हणजे ₹१२,००,०००.

कंत्राटदाराच्या लेखी काम १० तारखेला संपलं. स्टील, सिमेंट, रेती, खडी, सेंट्रिंगचं भाडं, भरणीची मजुरी, सगळा खर्च त्या दिवसापर्यंत होऊन गेलेला असतो.

मालकाला स्लॅब दिसतो तो टेकू काढल्यावर. तोवर खाली बल्ल्यांचं जंगल असतं आणि वर ओल्या गोणपाटाखाली झाकलेलं काहीतरी. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, पण ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस ठेवावे लागतात. घरात दोन्ही असतात, म्हणून सगळं मोकळं व्हायला २४ फेब्रुवारी उजाडते. तेव्हा खालून पाहिल्यावर कुठे खडी उघडी पडली आहे, कुठे सळई दिसते, ते कळतं. मालकाचं थांबणं तसं चुकीचं नाही.

इंजिनियर आणखी पुढची तारीख धरून असतो. भरणीच्या वेळी त्याच काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत दाबून त्यांची ताकद पाहतात. त्याला २८ दिवसांचा हा निकाल हवा, तो १० मार्चच्या पुढे मिळतो. स्लॅब आणि बीम मिळून साधारण २१ घनमीटर काँक्रीट असेल तर त्याच आयएस ४५६ प्रमाणे तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे नऊ क्यूब लागतात. सात दिवसांच्या निकालासाठी भरायचे ते याशिवाय. क्यूब भरणीच्या दिवशीच भरले नाहीत तर ते नंतर आणता येत नाहीत. बिल अडण्याचं हे एक मोठं आणि पूर्ण टाळता येण्यासारखं कारण आहे.

तर १० फेब्रुवारी, २४ फेब्रुवारी आणि १० मार्च, एकाच हप्त्याच्या तीन तारखा आणि तिन्हींना आधार. यातली एक निवडून दुसऱ्यावर लादली की कुणीतरी नाराज राहतो. आमच्या मते हप्ता तोडावा. ₹१२,००,००० पैकी ८० टक्के, म्हणजे ₹९,६०,०००, भरणीच्या दिवशी देय. बाकीचे ₹२,४०,००० टेकू निघून खालची बाजू तपासली गेली आणि २८ दिवसांचा निकाल हाती आला की. कंत्राटदाराचा झालेला खर्च भागतो आणि काँक्रीटची ताकद कमी निघाली तर मालकाच्या हातात पुरेशी रक्कम राहते. निकाल कमी आला तर दुसरा तुकडाच थांबतो. अख्खं काम आणि अख्खं बिल थांबत नाही.

पहिल्या तुकड्याचा पुरावा म्हणजे भरणीचं पत्रक. भरणीआधी इंजिनियरने सळया, कव्हर, बीमची मापं आणि आत टाकलेले विजेचे पाइप पाहून केलेली सही, भरणी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, सिमेंटच्या गोण्या किंवा रेडीमिक्सची चलनं, आणि भरलेल्या क्यूबांची संख्या. एक पान पुरतं. हे पान बिलाला जोडलेलं असलं की "अजून कुठे झालाय" हा प्रश्न सहसा येत नाही. व्हॉट्सॲपवरचे फोटो जोडा हवे तर, पण सहीच्या जागी फोटो चालत नाही.

एक पळवाट बंद करून ठेवा. प्रयोगशाळेचा निकालच आला नाही तर? क्यूब मालकाच्या इंजिनियरने नेले असतील आणि ते कुठेतरी पडून राहिले, तर कंत्राटदार बसून राहतो. म्हणून लिहावं: भरणीपासून ४० दिवसांत निकाल लेखी कळवला नाही तर दुसरा तुकडा देय समजावा.

जीएसटीमुळे देय तारीख का महत्त्वाची होते

साहित्यासह बांधकाम म्हणजे जीएसटीच्या भाषेत वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, दर १८ टक्के. (एकट्या स्वतंत्र घराच्या मूळ बांधकामाचं फक्त मजुरीचं कंत्राट असेल तर सूट आहे, इथे साहित्य आहे, म्हणून नाही.) तीन महिन्यांहून लांब चालणारी, टप्प्याटप्प्याने पैसे घेणारी सेवा असेल तर सीजीएसटी कायद्याचं कलम ३१(५) लागतं. करारातून देय तारीख कळत असेल तर बिल त्या तारखेला किंवा त्याआधी निघायला हवं. हप्ता एखादी घटना पुरी होण्याशी बांधलेला असेल तर ती घटना पुरी होईल त्या दिवशी किंवा त्याआधी.

याचा अर्थ असा की १० फेब्रुवारीची भरणी हीच घटना लिहिली असेल तर बिल फेब्रुवारीचं, मालकाने पैसे कधीही देवोत. महिन्याचं विवरण भरणाऱ्या कंत्राटदाराला त्याचा कर २० मार्चपर्यंत भरावा लागतो. ₹९,६०,००० वर तो ₹१,७२,८०० होतो. मालकाने पैसे मार्चअखेर दिले तर तो कर कंत्राटदाराच्या खिशातून जातो, आणि तोही अशा महिन्यात जेव्हा वरच्या मजल्याचं स्टील घ्यायचं असतं. म्हणून बिलापासून १० दिवसांत पैसे, असं लिहावं. मग महिन्याच्या शेवटी भरणी झाली तरी पैसे २० तारखेच्या आत येतात. "सवडीने", "लवकरात लवकर" असले शब्द या कागदात नकोत.

आगाऊ रकमेत याहून जास्त गोंधळ होतो. सेवेसाठी आगाऊ पैसे मिळाले की कर तेव्हाच लागतो. कागदावर नुसतं "आगाऊ १० टक्के, ₹६,००,०००" लिहिलं आणि मालकाने नेमके सहा लाख पाठवले, तर त्या सहा लाखांतच कर धरला जातो: ₹९१,५२५ कर आणि ₹५,०८,४७५ मूळ रक्कम. कंत्राटदार सहा लाखांची वळती धरून बसलेला, वहीत पाच लाख आठ हजार. शेवटपर्यंत हिशेब जुळत नाही आणि प्रत्येक बिलावर फोन होतात. त्याऐवजी सरळ लिहा: आगाऊ ₹६,००,०००, जीएसटी ₹१,०८,०००, एकूण ₹७,०८,०००. यासाठी बिल नव्हे, रिसीट व्हाउचर द्यायचं.

आगाऊ रक्कम हा कामाचा हप्ता नाही, हेही स्पष्ट हवं. ती पुढच्या बिलांतून वळती होते. आपल्या उदाहरणात पहिल्या चार टप्प्यांतून प्रत्येकी ₹१,५०,०००. स्लॅबच्या पहिल्या तुकड्याचं बिल मग असं दिसतं:

- तळमजल्याचा स्लॅब, तुकडा १: ₹९,६०,०००
- सीजीएसटी ९ टक्के: ₹८६,४००
- एसजीएसटी ९ टक्के: ₹८६,४००
- बेरीज: ₹११,३२,८००
- वजा आगाऊची वळती: ₹१,५०,००० अधिक त्यावर आधीच भरलेला जीएसटी ₹२७,००० = ₹१,७७,०००
- देय: ₹९,५५,८००, दिनांक २० फेब्रुवारीपर्यंत

कर पूर्ण किमतीवर दाखवायचा आणि आगाऊवर भरलेला वजा करायचा. थेट ₹८,१०,००० वर कर लावून बिल केलं तर रक्कम तीच येते, पण कामाची किंमत चुकीची नोंदली जाते आणि शेवटी साठ लाखांची बेरीज लागत नाही.

मालक मुंबईत, दुबईत किंवा लंडनमध्ये राहत असला तरी घर गोव्यात आणि कंत्राटदाराची नोंदणी गोव्यात असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटीच लागतात. स्थावर मालमत्तेच्या कामात जागा कुठे आहे ते पाहतात. सावंतवाडी-दोडामार्गकडचा, महाराष्ट्रात नोंदणी असलेला कंत्राटदार असेल तर प्रश्न वेगळा, त्याने पहिल्या बिलाआधी आपल्या सीएला विचारून घ्यावं.

पावसाळा: प्लास्टरचा हप्ता दोन ठिकाणी तोडा

गोव्यातल्या कामात पैशाची सगळ्यात मोठी गळती इथे होते. पुण्याकडचा किंवा बंगळूरकडचा नमुना उचलला की त्यात "प्लास्टर २० टक्के" अशी एकच ओळ येते. आपल्याकडे छप्पर मेअखेर बंद झालं तर जून ते ऑगस्ट आतलं काम सुरेख चालतं: आतल्या भिंती, विजेचे पाइप, नळाच्या लाइनी, आतलं प्लास्टर. बाहेरचं प्लास्टर मात्र भर पावसात कुणी करू नये. चिरा पाणी पितो. भिजलेल्या भिंतीवर केलेलं प्लास्टर नीट धरत नाही, आणि वरून धार लागली तर ओलं प्लास्टर धुऊन जातं. म्हणजे बाहेरचं काम ऑक्टोबरात.

आता दोन्ही एकाच हप्त्यात असतील तर ऑगस्टच्या मध्यावर आतलं प्लास्टर संपवलेल्या कंत्राटदाराला नोव्हेंबरपर्यंत बिलच करता येत नाही. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. मध्ये चवथ येते, स्थानिक सुतार आणि इलेक्ट्रिशियन घरी जातात आणि जाताना पैसे मागतात. मग साइट बंद पडते आणि मालकाला वाटतं कंत्राटदार पळाला.

म्हणून आतलं प्लास्टर चौथ्या टप्प्यात (भिंती आणि भिंतीत लपणाऱ्या लाइनींसह १५ टक्के, ₹९,००,०००) आणि बाहेरचं प्लास्टर रंगकामासह सहाव्यात (१० टक्के, ₹६,००,०००). मधला पाचवा टप्पा फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग आणि नळफिटिंगचा. चौथ्याची घटना अशी लिहा की ती चवथीआधी घडू शकेल: सगळ्या खोल्यांचं आतलं प्लास्टर पुरं, आणि प्लास्टर करण्याआधी नळाच्या लाइनी दाब देऊन तपासल्याची इंजिनियरची सही. ही तपासणी प्लास्टरनंतर करून उपयोग नाही. गळती निघाली तर भिंत फोडावी लागते आणि ती कुणाच्या खर्चाने यावर पुन्हा बिल अडतं.

याच कारणाने वरचा स्लॅब १५ मेच्या आत यायला हवा. तो मागे पडायची चिन्हं मार्चमध्येच दिसतात: पहिला स्लॅब फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे गेला, किंवा रेती मिळेना म्हणून भरणी पुढे ढकलली. तसं झालं तर हप्त्यांचा क्रम तेव्हाच बसून बदलावा, जूनमध्ये नाही.

जोत्याचा हप्ता

इथे वाद एकाच गोष्टीवर होतो: प्लिंथ बीम भरला की बिल निघतं, आणि आतली भरणी बाकी असते. मालक म्हणतो जोतं अर्धं आहे, आणि त्याचं बरोबर आहे. घटना लिहावी ती अशी: प्लिंथ बीम भरलेला, आतली माती थराथराने पाणी मारून ठोकून पातळीला आणलेली, वाळवीची फवारणी झालेली, आणि जोत्याच्या चारी बाजूंची हद्दीपासूनची अंतरं मंजूर नकाशाशी जुळतात हे आर्किटेक्टने टेप लावून पाहिलेलं. शेवटचा भाग कुणी लिहीत नाही. अंतर कमी पडलेलं घर वापरायला परवानगी देणाऱ्या ऑक्युपन्सी दाखल्याच्या वेळी कळलं तर तोडण्यापलीकडे काही उरत नाही. जोत्यालाच कळलं तर निदान दुरुस्त होतं.

काय धरलेलं नाही तेही लिहा: सेप्टिक टँक, विहीर, कंपाउंड, आणि पाया खणताना काळा कातळ लागला तर तो फोडण्याचा खर्च. जांभ्यात खणायला किती वेळ लागेल याचा अंदाज स्थानिक माणसाला असतो, काळ्या दगडाचा नसतो.

जादा काम त्याच बिलात घालू नका

स्लॅबच्या ₹९,५५,८०० च्या बिलात शेवटची ओळ ₹३८,००० ची असते, "कंपाउंडची वाढीव भिंत". मालकाला ती रक्कम मान्य नाही. साडेनऊ लाख अडतात ते अडतीस हजारांसाठी. कंत्राटदाराला वाटतं सगळं एकत्र घेतलं तर सुटेल, आणि होतं उलटं.

जादा कामाची वेगळी चिठ्ठी, वेगळा क्रमांक, वेगळं बिल. चिठ्ठीवर काम, माप, दर, आणि मुदत किती दिवसांनी वाढेल ते. काम सुरू होण्याआधी मालकाची सही किंवा निदान मेसेजवर "मंजूर" असा शब्द. मालक परदेशात असेल तर मेसेज पुरतो, पण तो चिठ्ठीच्या क्रमांकासह हवा. "ती भिंत घाला हो साहेब" असा फोन पुढे कुणालाच आठवत नाही.

शेवटचे दहा टक्के

शेवटची रक्कम बुडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ती ऑक्युपन्सी दाखल्याला बांधलेली असते. दाखला पंचायतीकडून, त्याआधी नगर नियोजन खात्याचा पूर्णत्वाचा दाखला, आरोग्य खात्याची ना हरकत, आर्किटेक्टचे कागद. यातलं जवळपास काहीच कंत्राटदाराच्या हातात नाही. मालकाने नकाशाबाहेर एखादी गॅलरी वाढवली असेल तर दाखला वर्षभर लटकतो आणि त्यासोबत कंत्राटदाराचे पैसेही. दुसऱ्या बाजूने मालकाची भीतीही खरी: पैसे दिले की गळती दुरुस्त करायला कुणी फिरकत नाही.

दोन तुकडे करा. पाच टक्के (₹३,००,०००) ताब्याला: किल्ल्या दिल्या, गच्ची आणि न्हाणीघरात पाणी साठवून ४८ तास ठेवलं आणि खाली ओल आली नाही, वीज आणि नळाच्या जशा टाकल्या तशा लाइनींचे नकाशे दिले, आणि दाखल्यासाठी कंत्राटदाराकडून लागणारे कागद आर्किटेक्टकडे पोचवल्याची पोच घेतली. दाखला स्वतः यात नाही.

उरलेले पाच टक्के (₹३,००,०००) एक पावसाळा गेल्यावर. गोव्यातल्या घराची खरी परीक्षा पावसातच होते, म्हणून "सहा महिने" लिहू नका. डिसेंबरला ताबा दिला तर सहा महिने जूनमध्ये संपतात, म्हणजे पाऊस नुकता सुरू झालेला. ताब्यानंतर येणारी पहिली ३० सप्टेंबर ही देय तारीख लिहा. त्या तारखेला लेखी तक्रार उभी असेल तर तेवढ्याच दुरुस्तीच्या खर्चाची रक्कम राखायची, अख्खे तीन लाख नाहीत. एका खिडकीच्या कडेने पाणी झिरपतं म्हणून सगळं अडवणं योग्य नाही.

ही रक्कम स्वतंत्र टप्पा म्हणून लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे. प्रत्येक बिलातून पाच टक्के कापून ठेवले तर बिल पूर्ण रकमेचं निघतं आणि कर आधीच भरावा लागतो. स्वतंत्र टप्पा आणि स्वतःची देय तारीख असेल तर त्याचं बिलच सप्टेंबरात निघतं.

करारामागे जोडायचं टिपण

हे असंच उचलून रकमा बदलून वापरता येईल. सगळ्या रकमा जीएसटी वगळून आहेत.

आगाऊ: ₹६,००,०००, करार सहीच्या दिवशी. कामाचा हप्ता नव्हे. टप्पा १ ते ४ मधून प्रत्येकी ₹१,५०,००० वळती. टप्प्याचे तुकडे असतील तर वळती पहिल्या तुकड्यातून.

टप्पा १, जोतं: ₹९,००,०००. प्लिंथ बीम, आतली भरणी, वाळवीची फवारणी पुरी आणि आर्किटेक्टची मापांची सही झाल्यावर. कातळ फोडणं, सेप्टिक टँक, विहीर, कंपाउंड धरलेलं नाही.

टप्पा २, तळमजल्याचा स्लॅब: ₹१२,००,०००. तुकडा १ ₹९,६०,०००, भरणीच्या दिवशी, इंजिनियरच्या सहीच्या भरणी पत्रकासह. तुकडा २ ₹२,४०,०००, टेकू काढून तपासणी आणि २८ दिवसांचा निकाल आल्यावर. ४० दिवसांत निकाल न कळवल्यास देय.

टप्पा ३, वरचा स्लॅब: ₹९,००,०००. टप्पा २ प्रमाणे दोन तुकडे, ₹७,२०,००० आणि ₹१,८०,०००.

टप्पा ४, भिंती, लपलेल्या लाइनी, आतलं प्लास्टर: ₹९,००,०००. लाइनींची दाब तपासणी प्लास्टरआधी.

टप्पा ५, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळफिटिंग: ₹९,००,०००. फरशीचा दर कराराच्या यादीप्रमाणे. मालकाने महाग निवडल्यास फरक जादा कामात.

टप्पा ६, बाहेरचं प्लास्टर आणि रंग: ₹६,००,०००. काम १ ऑक्टोबरनंतर.

टप्पा ७, ताबा: ₹३,००,०००. पाणी साठवून तपासणी, किल्ल्या, नकाशे, कागदांची पोच.

टप्पा ८, पावसाळ्यानंतर: ₹३,००,०००. ताब्यानंतरची पहिली ३० सप्टेंबर.

तपासणी आणि मुदत: बिल मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत इंजिनियर लेखी हरकत घेईल किंवा सही करेल, काहीच न कळवल्यास बिल मान्य. पैसे बिलाच्या तारखेपासून १० दिवसांत. हरकत एखाद्या बाबीवर असेल तर तेवढी रक्कम राखून बाकी वेळेत द्यायची. देय तारखेनंतर १५ दिवस पैसे न आल्यास कंत्राटदार लेखी कळवून काम थांबवू शकतो आणि तेवढे दिवस मुदतीत वाढतात.

काम अर्ध्यावर आहे आणि बिल आत्ता अडलेलं आहे

जुना करार फाडायची गरज नाही. झालेल्या टप्प्यांना हात न लावता उरलेल्या रकमेसाठी वरच्या धर्तीवर एक पुरवणी करा आणि दोघांनी सही करा. अडलेल्या बिलाचं मात्र आधी मोकळं व्हायला हवं: इंजिनियरला साइटवर बोलवा, त्या टप्प्यातलं काय झालं आणि काय राहिलं याची यादी जागेवरच लिहा, राहिलेल्या प्रत्येक बाबीसमोर रुपये टाका. समजा स्लॅबच्या बिलात टेकू काढून तपासणी आणि निकाल एवढंच राहिलं असेल, तर ₹२,४०,००० राखून बाकी त्याच आठवड्यात द्यायचे. बिल पूर्ण ₹१२,००,००० चं निघून गेलं असेल तर राखलेल्या रकमेसाठी ते रद्द करून नवं काढू नका. बिल तसंच राहतं, पैसे फक्त दोन वेळा येतात, आणि पुरवणीत तशी एक ओळ असली की पुरे.